ट्रॅक्टरचा एक तास खरा कितीला पडतो?

भाड्याचा दर ठरवताना बहुतेक जण फक्त डिझेल आणि ड्रायव्हर धरतात. रिकाम्या महिन्यांचा खर्च मग खिशातून जातो.

आधी वर्षाचा, काम असो-नसो होणारा खर्च मांडा. समजा ट्रॅक्टर आठ लाखांचा, दहा वर्षांनी अडीच लाखांना विकला जाईल. म्हणजे घसारा वर्षाला 55,000. व्याज आणि विमा 45,000, सालावर ठेवलेल्या ड्रायव्हरचे 1,20,000. एकूण 2,20,000.

याला वर्षभरात पैसे मिळालेल्या तासांनी भागा. 500 तास भरले तर तासाला 440 रुपये, 800 भरले तर 275. सगळा फरक इथेच पडतो.

आता चालू खर्च मिळवा. डिझेल अंदाजाने धरू नका. टाकी काठोकाठ भरून रोटाव्हेटर मारा, काम झाल्यावर पुन्हा तेवढीच भरा. तासाला 5 लिटर लागले, तर 92 रुपये दराने 460. ऑइल, टायर, पाती, दुरुस्तीचे वर्षाला 40,000 धरले तर 500 तासांवर 80. बेरीज 980. नफा त्यापुढे.

मीटरच्या तासांनी मात्र भागू नका. शेतापर्यंतची ये-जा आणि बांधावर इंजिन चालू ठेवून थांबणं त्यात येतं, त्याचे पैसे कोणी देत नाही.