वेटिंगमधे बसलेलं असताना नेमकं काय होतं

माझा पहिला इंटरव्ह्यू बाणेरला होता, पावसाळ्यात, आणि कोथरूडवरून गाडीवर गेलो म्हणजे काय अवस्था झाली असेल बघा. एका हातात ओलं हेल्मेट, दुसऱ्यात फाईल, त्यात रिसेप्शनवरच्या मॅडमनी पाणी दिलं तो ग्लासपण धरलेला, आणि बसलो कुठे तर त्या खोल सोफ्यात. दहा मिनिटांनी टीशर्ट घातलेला एक माणूस आला आणि म्हणाला "इंटरव्ह्यूसाठी ना?" मला वाटलं ऑफिसातलाच कोणीतरी असेल, बसूनच म्हटलं "हो, सरांची वाट बघतोय." तो हसला. सर तेच होते 😅

मग उठायची घाई, ग्लास कुठे ठेवू कळेना, त्यांनी हात पुढे केला आणि माझा हात ओला. आत गेल्यावर पहिल्या प्रश्नाला मी अजून तोच हात पँटला पुसत होतो.

त्यामुळे आता ज्युनियर पोरं विचारतात तेव्हा पहिलं हेच सांगतो की हेल्मेट आणि रेनकोट गाडीलाच लावून या, आणि ते जमलं नाही तर गेटवर नाव लिहून पास घेताना सिक्युरिटीच्या काकांना विचारा, बरेचदा ठेवून घेतात. वेटिंगमधे सोफ्याच्या कडेला बसायचं म्हणजे पटकन उठता येतं. फाईल डाव्या हातात, उजवा मोकळा आणि कोरडा. पाणी प्यायचं असेल तर पिऊन ग्लास लगेच खाली ठेवायचा, धरून बसायचं नाही.

कोणीही येऊन तुमच्याकडे बघून बोललं की आधी उठायचं, मग तो ऑफिसबॉय निघाला तरी काय बिघडतं? "गुड मॉर्निंग सर, मी अमुक, साडेदहाच्या इंटरव्ह्यूसाठी आलोय", एवढंच. बारा वाजून गेले असतील तर गुड आफ्टरनून, आणि संध्याकाळचा स्लॉट असेल तर गुड ईव्हनिंग, गुड नाईट नाही (माझ्या मित्राने खरंच म्हटलंय). हात आपण आधी पुढे करायचा नाही, त्यांनी केला तर मिळवायचा, नाहीतर मान थोडी लववली तरी चालतं. समोर मॅडम असतील तर हे जास्तच लक्षात ठेवा, नमस्कार अजिबात जुनाट वाटत नाही.

भाषेचं म्हणाल तर ते मराठीत बोलले तर मराठीतच उत्तर द्या, उगाच इंग्लिश फाडायची गरज नाही, आणि ते इंग्लिशमधे सुरू झाले तर आपणही इंग्लिशच.

केबिनपर्यंत चालताना ते हमखास विचारतात "ऑफिस सापडलं ना नीट?" तिथे ट्रॅफिकचं रडगाणं नको, पुण्यात ते त्यांनाही माहितीये. "हो सर, सापडलं, जरा लवकरच निघालो होतो" बास. दार त्यांनी धरलं तर थँक्यू म्हणून आत जा, आपण मागे असलो तर दार हळू सोडा, ती काचेची दारं फार जोरात आपटतात.