लांबलचक इंग्लिश शब्दात जोर कुठे द्यायचा : फूट आणि ग्रिड मांडून कसं बघायचं

आपण मराठी माणसं इंग्लिश बोलताना एक गोष्ट हमखास करतो, शब्दातलं प्रत्येक अक्षर सारख्याच वजनाने म्हणतो. अ-को-मो-डे-शन, मे-डि-टे-रे-नि-अन, सगळं एका पातळीत. फोंड्यात मी हॉटेल लाइनला जाणाऱ्या पोरांना इंग्लिश शिकवते, कळंगुट-बागाकडे रिसेप्शनला लागतात ती, आणि त्यांची खरी अडचण ग्रामरची नसते तर ही असते, की शब्द सगळे बरोबर असूनही समोरचा पाहुणा "पार्डन?" विचारतो. इंग्लिशमधे लांब शब्दाला एक मोठा जोर असतो, तो प्रायमरी स्ट्रेस, आणि बऱ्याचदा त्याच्या आधी कुठेतरी एक छोटा जोर, तो सेकंडरी. मोठा बहुतेकांना ऐकून ऐकून जमतो. छोटा चुकतो. तो कुठे पडतो हे कागदावर मांडून बघायची एक पद्धत आहे तीच इथे सांगते.

आधी दोन शब्द समजून घ्या. फूट म्हणजे सिलॅबलचा छोटा गट, त्यात पहिलं सिलॅबल जोराचं आणि त्याच्या मागे एखादं हलकं. एकटं सिलॅबलही फूट होऊ शकतं पण ते गुरू असलं तरच. लघु-गुरू आपल्याला शाळेपासून वृत्तामुळे माहीत आहेत आणि इथेही साधारण तोच हिशेब, लांब स्वर असला किंवा सिलॅबल व्यंजनाने बंद होत असलं की गुरू, नाहीतर लघु. ग्रिड म्हणजे फुल्यांचा तक्ता. प्रत्येक सिलॅबलला एक फुली, प्रत्येक फूटच्या पहिल्या सिलॅबलला दुसरी, आणि सगळ्यात मोठ्या जोराच्या सिलॅबलला तिसरी. 1977 साली मार्क लिबरमन आणि अ‍ॅलन प्रिन्स या दोघा भाषाशास्त्रज्ञांनी ग्रिडची ही कल्पना मांडली, आणि त्यातला मुद्दा हा की जोर हा त्या सिलॅबलचा स्वतःचा गुण नाही, तो शेजारच्यांच्या तुलनेत असतो. म्हणून फुल्या मोजायच्या त्या शेजारी बघूनच.

कागदावर फुल्या सिलॅबलच्या डोक्यावर उभ्या रचतात. मोबाइलवर देवनागरी अक्षरांची रुंदी कमीजास्त असते त्यामुळे रांगा हलतात, म्हणून मी तक्ता आडवा करते, एका ओळीत एक सिलॅबल.

पणजीत मांडवीच्या काठाला ओल्ड सेक्रेटरिएट आहे, आदिलशहाचा राजवाडा, तोच शब्द घेऊ.

पहिलं काम, सिलॅबल पाडा, आणि ते स्पेलिंगवरून नाही तर डिक्शनरीतल्या उच्चारावरून. से-क्र-टे-रि-अट. पाच. इथे देवनागरी आपल्याला थोडी फसवते, कारण "से" आणि "टे" दोघांना एकच मात्रा आहे पण इंग्लिशमधे पहिला ए आखूड आणि दुसरा लांब, म्हणजे से लघु आणि टे गुरू. हा फरक डिक्शनरीत बघूनच ठरवायचा.

दुसरं, शेवटचं सिलॅबल बाजूला ठेवा. नामांमधे ते हिशेबात धरत नाहीत. म्हणजे अट गेलं.

तिसरं, आता उजवीकडून बघा. शेवटून दुसरं गुरू असेल तर मोठा जोर त्याच्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर. इथे रि लघु आहे, म्हणून एक घर मागे जायचं, (टे रि) हा फूट झाला.

चौथं, डावीकडे जे उरलं त्याचेही फूट करा. उरले से आणि क्र, (से क्र) झाला. सगळ्यात उजवीकडच्या फूटला तिसरी फुली.

```
x x      से
x        क्र
x x x    टे
x        रि
x        अट
```

आता वाचा. टे वर तीन फुल्या म्हणजे प्रायमरी, से वर दोन म्हणजे सेकंडरी, एकच फुली असलेली बाकीची सिलॅबल पटकन आणि पुसट. डिक्शनरीत प्रायमरीची छोटी उभी रेघ सिलॅबलच्या आधी वर असते आणि सेकंडरीची खाली. तुमच्या तक्त्याशी त्या जुळतात का बघायचं, एवढंच.

जुन्या गोव्याची बसिलिका या शब्दावरही एकदा करून बघा, ब-सि-लि-क. क बाजूला, लि लघु, मग (सि लि), आणि उरला नुसता ब. एकटा लघु फूट होऊ शकत नाही म्हणून तो तसाच बाहेर राहतो, एका फुलीवर. म्हणूनच इंग्लिशमधे तो ब जवळजवळ गिळला जातो आणि आपण "बॅसिलिका" असं पहिल्यावर दाबून म्हणतो ते त्यांच्या कानाला खटकतं.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गंमत मोठ्या जोराच्या आधी तीन सिलॅबल उरतात तेव्हा सुरू होते आणि माझ्या मते ही एक गोष्ट नीट समजली की लांब शब्दांची अर्धी भीती गेली. तीन उरले की फूट दोनाचा, म्हणजे एक सिलॅबल बाहेर राहणार, पण कुठलं? पहिलं की तिसरं?

हॉटेलमधला रोजचा शब्द, अकॉमोडेशन. स्पेलिंगमधे दोन सी, दोन एम, पण आवाज एकेकच आहे त्यामुळे ती जोडी बघून सिलॅबल गुरू करायचं नाही. अ-कॉ-म-डे-शन. शन बाजूला. डे मधे लांब स्वर, गुरू, म्हणून मोठा जोर तिथेच आणि (डे) एकटाच फूट. डावीकडे उरले अ, कॉ, म. इथे (कॉ म) जोडी होते आणि अ बाहेर.

```
x        अ
x x      कॉ
x        म
x x x    डे
x        शन
```

आता मेन्यूवरचा शब्द घ्या, मेडिटरेनिअन. मे-डि-ट-रे-नि-अन. अन बाजूला, नि लघु, म्हणून (रे नि). पुन्हा तीनच उरले, मे, डि, ट. अकॉमोडेशनसारखं करायला गेलो तर (डि ट) जोडी होऊन मे बाहेर पडेल आणि म्हणावं लागेल "मडीटरेनिअन", असं इंग्लिशमधे कोणी म्हणत नाही. बरोबर मांडणी ही:

```
x x      मे
x        डि
x        ट
x x x    रे
x        नि
x        अन
```

(मे डि) फूट, ट बाहेर. मग दोन शब्दांत फरक का पडला? कारण अकॉमोडेशनच्या पोटात अकॉमोडेट हे क्रियापद आहे, त्यात जोर कॉ वर आहे, आणि मूळ शब्दाचा जोर लांब शब्दात सेकंडरी बनून टिकून राहतो. मेडिटरेनिअनच्या पोटात असा वापरातला इंग्लिश शब्द नाही, त्यामुळे जपायला काही नाही, आणि मग इंग्लिश शब्दाच्या अगदी सुरुवातीपासून फूट धरते. डेलिकटेसन तसाच, पहिल्या डे वर छोटा जोर, टे वर मोठा.

म्हणजे चौथ्या कामात एक प्रश्न आधी विचारायचा, या शब्दाच्या पोटात कुठला छोटा शब्द आहे आणि त्याचा जोर कुठे आहे? कोल्ड स्टोरेजवाले म्हणतात ते रेफ्रिजरेशन घ्या. पोटात रेफ्रिजरेट, जोर फ्रि वर, म्हणून छोटा जोर दुसऱ्या सिलॅबलवर आणि "रि" पुसट. उलट कॅरक्टरिस्टिकच्या पोटात कॅरक्टर, त्याचा जोर पहिल्यावरच, म्हणून छोटा जोर पहिल्या कॅ वर आणि मोठा रिस वर. दोन्हीकडे आधी तीनच सिलॅबल, पण मूळ शब्दाने निकाल वेगळा लावला. रिस्पॉन्सिबिलिटी तुम्ही स्वतः करून बघा, पोटात रिस्पॉन्सिबल आहे, छोटा जोर स्पॉन वर येतो का आणि मोठा बि वर येतो का ते तपासा. आधी चार सिलॅबल असतील, जसं रीहॅबिलिटेशनमधे, तर दोन फूट सरळ बसतात आणि छोटे जोर दोन मिळतात, री वर एक, बि वर एक.

आपली मांडणी चुकली हे कसं ओळखायचं? सोपी टेस्ट आहे. ज्या सिलॅबलला एकच फुली दिली आहे त्याचा स्वर डिक्शनरीत बघा. तिथे बहुतेक वेळा तो उलटा ई सारखा दिसणारा पुसट "अ" असेल किंवा आखूड इ. अकॉमोडेशनचा "मो" लिहिताना ओ आहे पण उच्चारात पुसट अ आहे, म्हणजे एक फुली बरोबर. एक फुलीवाल्याचा स्वर ठसठशीत निघाला, तर फूट परत तपासा. दुसरी टेस्ट म्हणजे दोन किंवा जास्त फुल्यावाली दोन सिलॅबल लगोलग आली आहेत का ते बघायचं. इंग्लिशला दोन जोर असे चिकटून आलेले आवडत नाहीत, याला क्लॅश म्हणतात, आणि एका शब्दात तसं दिसलं तर नव्वद टक्के मांडणीतच घोळ असतो.

पण नेहमीच नाही, आणि ते सांगायलाच हवं. ब्रिटिश उच्चाराचं ऑर्गनायझेशन घ्या, ऑ-ग-नाय-झे-शन. मोठा जोर झे वर, छोटा ऑ वर, तिथपर्यंत ठीक. पण नाय चा स्वर ठसठशीत आहे, पुसट नाही, कारण पोटातल्या ऑर्गनाइझमधे तो स्वतःचा फूट आहे. त्याला दुसरी फुली द्यावी तर शेजारी झे ला तीन आहेत, क्लॅश होतो. न द्यावी तर ठसठशीत स्वर एका फुलीवर राहतो. डिक्शनऱ्या नाय च्या आधी खालची रेघ सहसा देत नाहीत, आणि अमेरिकन बोलणारे तर बरेचसे स्वरच पुसट करून "ऑर्गनझेशन" म्हणतात, म्हणजे तिकडे प्रश्नच मिटतो. मी पोरांना सांगते की नाय ला एकच फुली द्या, स्वर मात्र पूर्ण म्हणा आणि आवाज चढवू नका, चढवायचा तो झे वर.

शब्दाला -नेस, -ली, -मेंट असे शेपूट असले तर ते आधी काढून ठेवा, ते जोर हलवत नाहीत. -ईझ आणि -ईअर मात्र जोर स्वतःकडे ओढतात, जॅपनीझ, इंजिनीअर, त्यामुळे त्यांना शेवटचं सिलॅबल बाजूला ठेवायचा नियम लावायचा नाही, मोठा जोर सरळ त्यांनाच द्यायचा आणि उरलेले फूट तिथून डावीकडे करायचे.