लहान मुलाने लोहाच्या गोळ्या गिळल्या तर: हिशोब कसा करायचा आणि दवाखान्यात कधी निघायचं

लेक बाळंतपणाला माहेरी येते आणि आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लाल गोळ्यांची पट्टी माजघरातल्या फडताळात खालच्या खणात ठेवली जाते. गुहागरकडच्या एखाद्या घरात दोन वर्षांचं पोर तिथवर सहज पोचतं. गोळीवर साखरेचं लाल आवरण असतं, त्यामुळे त्याला ती चॉकलेटच वाटते.

सगळ्यात आधी तोंडात उरलेलं बोटाने काढा, घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. मग पट्टी हातात घेऊन मोजा. दहाची पट्टी, लेकीने घेतलेल्या दोन, शिल्लक एक, म्हणजे सात हरवल्या. पलंगाखाली सापडल्या तेवढ्याच वजा करा, बाकी सगळ्या पोटात गेल्या असंच धरा. दोन मुलं एकत्र खेळत असतील तर दोघांनीही प्रत्येकी सगळ्या खाल्ल्या असं धरून दोघांनाही न्या.

आता वेष्टण वाचा. इथे बहुतेकांची गफलत होते, कारण त्यावर दोन आकडे असू शकतात. एक क्षाराचा, उदाहरणार्थ फेरस सल्फेट २०० मि.ग्रॅ.; दुसरा त्यातल्या प्रत्यक्ष लोहाचा, ‘एलिमेंटल आयर्न’ किंवा ‘फेरस आयर्न’ ६० मि.ग्रॅ. हिशोब दुसऱ्या आकड्याचा करायचा. सरकारी लाल गोळीत साधारण ६० मि.ग्रॅ. लोह असतं, तर मेडिकलमधून आणलेल्या बऱ्याच गोळ्यांत १००. आकडा पुसला असेल तर १०० धरा.

वजनासाठी अंगणवाडीचं कार्ड काढा. समजा १०.५ किलो आहे. ७ गोळ्या गुणिले ६० म्हणजे ४२० मि.ग्रॅ.; भागिले १०.५, उत्तर ४०. म्हणजे किलोमागे ४० मि.ग्रॅ. त्याच सात गोळ्या १०० मि.ग्रॅ.च्या असत्या तर उत्तर ६७ च्या आसपास आलं असतं. म्हणून नुसतं ‘सात खाल्ल्या’ एवढं सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही, पट्टी बरोबर न्यावी लागते.

किलोमागे २० च्या खाली असेल आणि मूल खेळतंय, उलटी नाही, तर डॉक्टरांना फोन करून सहा तास नजर ठेवता येते. २० पासून पुढे पोटाला त्रास होऊ शकतो. ४० किंवा जास्त असेल तर मूल हसत असलं तरी तडक रुग्णालयात. ६० च्या वर जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे घाटवळणांचा रस्ता आणि खाडीचा फेरा बघता मी तर २० ओलांडलं की निघायला सांगेन. आणि एकही उलटी, रक्ताची शौच, सुस्ती किंवा पोटदुखी दिसली, तर आकडा काहीही असो, थांबायचं नाही.

वळणांवर पोर ओकलं की ‘गाडी लागली’ म्हणू नका. ती उलटी लोहाचीच समजा. उलटीत लाल दिसलं तर ते आवरणाचा रंग असेल किंवा रक्त, तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

सगळ्यात घातक भाग पुढे आहे. पहिल्या सहा तासांतल्या उलट्या-जुलाब थांबतात, मूल शांत झोपतं, आजी म्हणते, ‘उतरलं गो बाय.’ पण लोह तोवर रक्तात शिरून पेशी आणि यकृताला इजा करत असतं. सहा ते चोवीस तासांत ही फसवी शांतता येते आणि नंतर मूल एकाएकी गार पडून शॉकमध्ये जाऊ शकतं. उलट्या थांबल्या म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरू नका.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मिठानेच लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. आगळ, दूध, तूप काहीच नको. विषबाधेत देतात तो कोळसाही लोहाला धरत नाही, त्यामुळे त्याच्या शोधात वेळ दवडू नका.

१०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्रही १८०० ११६ ११७ वर सल्ला देतं. जवळच्या आरोग्य केंद्रात सलाईन लावून घेता येईल, पण तिथे अडकू नका. जिथे बालरोगतज्ज्ञ, एक्स-रे आणि रक्ततपासणी आहे असं मोठं रुग्णालय गाठायचं आहे, आणि निघतानाच फोनवर विचारा: लोहाची पातळी मोजता येते का, डेफेरॉक्सामिन आहे का? हे लोहाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध आहे. रक्तातली पातळी गिळल्यापासून चार ते सहा तासांनी तपासतात, म्हणूनच ती लिहिलेली वेळ लागते. एक्स-रेत गोळ्या दिसल्या तर आतडं धुऊन काढता येतं. दिसल्या नाहीत म्हणजे पोटात नाहीतच, असं मात्र नाही, कारण विरघळलेली गोळी दिसत नाही.