मधला चौकोन चौरस कशावरून?

नौपाड्यातल्या एका छोट्या क्लासात सातवीची बॅच हाती आली, तेव्हाच ठरवलं होतं की पायथागोरसचं सूत्र फळ्यावर आधी लिहायचं नाही. आधी कात्री, मग सूत्र. ठरवलं ते बरोबर होतं, केलं ते अर्धवट.

तुम्ही करणार असाल तर ३-४-५ चा त्रिकोण घेऊ नका. निम्म्या मुलांना उत्तर पाठ असतं आणि पुठ्ठा शोभेपुरता उरतो. मी काटकोनाच्या बाजू ५ आणि ७ सेंमी घेते. असे चार एकसारखे त्रिकोण आणि १२ सेंमी बाजूची चौकट. चारही काटकोन चौकटीच्या कोपऱ्यांत बसवायचे, प्रत्येक बाजूवर एकाचे ५ आणि शेजारच्याचे ७. मधे तिरका चौकोन मोकळा राहतो, त्याच्या चारही बाजू म्हणजे कर्ण. मग तेच त्रिकोण जोडीजोडीने लावून दोन आयत करायचे आणि एक उभा, एक आडवा असे समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवायचे. आता मोकळे राहतात दोन चौरस, २५ आणि ४९ चे. चौकट तीच, त्रिकोण तेच, म्हणून मोकळी जागाही तेवढीच: १४४ वजा ७०, म्हणजे ७४.

मुलं खूश, मीही. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, मधला चौकोन चौरस कशावरून? नुसता समभुज असेल तर?" मी म्हटलं, "दिसतोय ना!" आजही आठवलं की कानकोंडं होतं. क्लासातले एक अनुभवी सर म्हणाले, "सोडा, पेपरात विचारत नाहीत." असले सल्ले ऐकू नका.

दिसण्यावर का जायचं नाही, ते मी आता आधीच दाखवते. ८ बाय ८ चा चौरस ठरावीक चार तुकड्यांत कापला की ते ५ बाय १३ च्या आयतात बसल्यासारखे दिसतात. ६४ चे ६५ झाले! खरं तर कर्णावर बारीक फट असते. एका तुकड्याचा चढ ८ ला ३, दुसऱ्याचा ५ ला २, म्हणून रेघ सरळ नसतेच.

मग कापण्याआधी प्रत्येक त्रिकोणाचा लहान लघुकोन लाल आणि मोठा निळा रंगवून घेते. चौकटीच्या बाजूवर दोन त्रिकोण भेटतात तिथे एक लाल, एक निळा येतो. त्यांची बेरीज ९०, कारण तिसरा कोन काटकोन. सरळ कोनातून ९० गेले, मधे उरले ९०. चारही ठिकाणी हेच. या युक्तिवादात ५ आणि ७ कुठेच नाहीत, म्हणून तो कुठल्याही काटकोन त्रिकोणाला चालतो. एखादा त्रिकोण उलटा बसला तर लगेच कळतं: एका बाजूवर फट, दुसरीवर चढाचढी.

घाबरू नका, यात जेमतेम दोन तास जातात. सराव नंतर करावाच लागतो, आणि दहावीची समरूपतेची सिद्धताही वेगळी शिकवावी लागते. पण कर्ण १०, बाजू ६ दिली की १०० आणि ३६ ची बेरीज करणाऱ्या मुलाला मी आता सूत्र सांगत नाही. "तिरका चौरस कुठला?" एवढंच विचारते. बहुतेकदा तो स्वतःच खोडतो.