तत्काळ उघडताना ॲप अडकतं तेव्हा या चुका टाळा

तत्काळच्या वेळेनंतर पाच-दहा मिनिटांत ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. ॲप हँग झालंय, पैसे कापलेत, तिकीट दिसत नाहीये, आता काय करू. तू नेमकं काय केलंस विचारलं की उत्तर ठरलेलं, काही नाही, बॅक दाबलं आणि परत बुक करायला घेतलं. बस, सगळं तिथेच बिघडतं, म्हणून आज हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

एसीचं तत्काळ सकाळी १० ला उघडतं आणि नॉन-एसीचं ११ ला, गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी. त्या एका क्षणी सगळे एकदम तुटून पडतात. रेल्वेनेच सांगितलं होतं की २२ मे २०२५ ला सकाळी १० वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं बुक झाली आणि तो विक्रम होता. आणि त्याच वर्षी आरक्षण यंत्रणेची क्षमता मिनिटाला साधारण ३२,००० तिकिटं असल्याचंही रेल्वेनेच सांगितलं, ती दीड लाखाच्या वर न्यायचं काम हाती घेतलंय म्हणून. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, त्या मिनिटाला यंत्रणा अगदी काठोकाठ भरलेली होती. अशा वेळी काहींना टाइमआउट येणारच, प्रश्न इतकाच की तो आल्यावर आपण काय करतो.

सगळ्यात महाग चूक: टाइमआउट म्हणजे "झालं नाही" असं धरून चालणं

टाइमआउटचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनने ठरावीक वेळ वाट बघितली आणि उत्तर आलं नाही. तुमची विनंती तिकडे पोचलीच नसेल, किंवा पोचून रांगेत असेल, किंवा तिकीट निघून पीएनआर तयार झाला असेल आणि फक्त उत्तर परत येताना वाट तुटली असेल. तिन्ही वेळा स्क्रीनवर तेच गोल गोल फिरतं आणि शेवटी तोच एरर येतो. फोनला यातला फरक कळतच नाही, त्यामुळे एरर बघून तुम्हालाही कळणार नाही.

माझ्या मामेभावाचं उदाहरण सांगतो. पुण्याहून नागपूरला घरातले तिघं, थर्ड एसी, तत्काळ. फॉर्म वगैरे सगळं वेळेत भरलं, यूपीआयचा पिन टाकला, बँकेचा पैसे गेल्याचा मेसेज आला आणि ॲप फिरत बसलं ते बसलंच, मग टाइमआउट. त्याने बॅक दाबलं. तेवढ्यात वहिनीच्या फोनवर दुसऱ्या एका गाडीला जागा दिसत होती, हा म्हणाला पहिलं तर गेलंच, हे तरी घेऊ, आणि वहिनीच्या लॉगिनने तिथं तिघांचं काढलं, ते लगेच कन्फर्म झालं. सगळे खूश. तीन-चार मिनिटांनी पहिल्या गाडीच्या पीएनआरचा एसएमएस आला, तोही कन्फर्म. आता एकाच संध्याकाळच्या दोन गाड्यांची तिघांची तिकिटं हातात, आणि कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर रिफंड नाही. एका गाडीचे पूर्ण पैसे गेले आणि तीन बर्थ, जे कुणाला तरी खरंच हवे होते, ते अडकले. मला राग पैशांचा नाही येत, राग येतो तो यासाठी की बुकिंग हिस्टरी उघडून बघायला जी चार मिनिटं लागली असती ती त्याला जास्त वाटली.

म्हणून माझा नियम साधा आहे. पैसे देण्याआधीच्या कुठल्याही पानावर अडकलात तर परत प्रयत्न करा, तिथे काही बिघडत नाही, गाड्यांची यादी दोनदा मागितली म्हणून दोन तिकिटं निघत नाहीत. पण पेमेंटचं बटण दाबल्यावर अडकलात तर हात बाजूला. आधी बँकेचा मेसेज बघायचा, पैसे गेलेत का. गेले असतील तर Booked Ticket History उघडायची, एसएमएस बघायचा, दोन-तीन मिनिटांनी परत बघायचं. पैसे कापलेच नसतील आणि हिस्टरीतही काही नसेल तरच दुसऱ्यांदा. तोवर जागा जातील की, असं लोक म्हणतात. जातील, शक्य आहे. पण ज्याचे पैसे कापलेत त्याचं तिकीट बहुतेक वेळा एक तर निघालेलं असतं नाहीतर पैसे आपोआप परतीच्या वाटेला लागलेले असतात, तिसरं सहसा काही नसतं.

दुसरी: फिरतंय म्हणून रिफ्रेश मारत राहणं

ही चूक अधीर लोकांची आवडती. समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा सर्व्हर सेकंदाला ५०० विनंत्या संपवतो, १० च्या ठोक्याला ६,००० आल्या, आणि ॲप १० सेकंद थांबून टाइमआउट देतं. सगळे गप्प बसले तर दहा सेकंदांत ५,००० लोकांना उत्तर मिळतं, शेवटचे १,००० तेवढे लटकतात. आता तिसऱ्या सेकंदाला, १,५०० ची कामं झालेली असताना, उरलेल्या ४,५०० लोकांनी कंटाळून रिफ्रेश मारला असं धरा. जुन्या ४,५०० विनंत्या रांगेतून जात नाहीत, कारण फोनने नाद सोडलाय हे सर्व्हरला बरेचदा कळतच नाही. तो पुढचे ९ सेकंद त्या जुन्याच विनंत्या इमानदारीत पूर्ण करतो आणि उत्तरं अशा कनेक्शनवर पाठवतो जिथे ऐकायला कुणीच नाही. नवीन विनंत्यांचा नंबर त्यानंतर, म्हणजे पहिल्यालाच ९ सेकंद थांबावं लागतं आणि शेवटच्याला १८. दहा सेकंदांच्या आत उत्तर मिळतं फक्त ५०० जणांना. थांबले असते तर याच ४,५०० मधल्या ३,५०० जणांचं काम झालं असतं! आणि उरलेले ४,००० परत रिफ्रेश मारणार, म्हणजे रांग अजून फुगणार. सर्व्हर पूर्ण जोर लावून राबतोय आणि तिकीट कुणालाच नाही, ही अवस्था अशी येते. रिफ्रेश मारणारा स्वतःला रांगेच्या शेवटी नेऊन उभा करतो आणि वर दुसऱ्यांचीही रांग लांबवतो.

मग सर्व्हर वाढवा की, हा पुढचा प्रश्न. पानं दाखवणारे सर्व्हर वाढवता येतात, वाढवतातही. पण एखाद्या गाडीचा शेवटचा बर्थ दोघांना द्यायचा नाही ही खात्री मागे एकाच जागी करावी लागते, तिथे त्या गाडीच्या, त्या तारखेच्या, त्या क्लासच्या कोट्यावर एका वेळी एकाचंच काम चालतं, बाकीचे थांबतात. पुढे दहापट मशीन लावली तरी त्या दारातून माणसं एकेकच जाणार. म्हणून शहाणी यंत्रणा रांग मर्यादेत ठेवते आणि जास्तीच्यांना दारातच नाही म्हणते, जुन्या झालेल्या विनंत्या फेकून देते, बॉट वेगळे काढते. रेल्वेच्या म्हणण्यानुसार तत्काळच्या पहिल्या ५ मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत बॉट असायचे, म्हणजे तुमच्या पुढची अर्धी रांग माणसांची नव्हतीच. शिवाय चांगली यंत्रणा प्रत्येक बुकिंगला एक नंबर देते, म्हणजे त्याच बुकिंगचं बटण दोनदा दाबलं गेलं तरी ते एकदाच धरलं जातं. पण तुम्ही बॅक जाऊन नव्याने फॉर्म भरलात की नंबरही नवा, मग हे संरक्षण संपलं.

वेबसाइटवरून करत असाल तर एररचा आकडा नीट वाचा, त्यातून बरंच कळतं. 503 बहुतेक वेळा दारातच नाही म्हटल्याचा असतो, आत काही झालेलं नसतं, दहा-पंधरा सेकंद थांबून परत जा. 504 म्हणजे मधला सर्व्हर मागच्याची वाट बघून थकला, मागे काम चालू असू शकतं किंवा झालंही असेल. पेमेंटनंतर 504 दिसला तर थेट हिस्टरी.

तिसरी: हिरवी जागा दिसली म्हणजे आपली झाली

यादीत ४२ जागा दिसतात तो आकडा काही सेकंद जुना असू शकतो, गर्दीत प्रत्येकाला ताजा मोजून देणं परवडत नाही. आणि तुम्ही पेमेंट करत असताना बर्थ तुमच्यासाठी राखून ठेवलेला नसतो, तो पैसे पोचल्यावर मिळतो. त्यामुळे पेमेंटला लागणारा प्रत्येक सेकंद खरा खर्च आहे. यूपीआयमध्ये ॲपमधून बँकेकडे, तिथून परत, असे बरेच टप्पे येतात आणि प्रत्येक टप्प्यावर गर्दी असते. मी स्वतः ॲपच्याच वॉलेटमध्ये आदल्या दिवशी पैसे टाकून ठेवतो, बाहेर जावंच लागत नाही. लोकांना हा कंटाळा येतो, आणि मग तेच लोक बँकेच्या नावाने ओरडतात. शिवाय फॉर्मवर Book only if confirm berths are allotted ला टिक करा, म्हणजे पेमेंट होईपर्यंत जागा संपल्या तर वेटिंगचं तिकीट गळ्यात पडत नाही, तिकीट निघतच नाही आणि पैसे परत येतात.

बाकीच्या छोट्या पण नेहमीच्या

एकाच लॉगिनने दोन फोनवर घुसू नका, दुसरा आत येताच पहिल्याचं सेशन जाऊ शकतं, तेही नेमकं पेमेंटच्या वेळी.

अर्धा तास आधी लॉगिन करून फोन टेबलावर ठेवला तरी सेशन संपतं. मी चार-पाच मिनिटं आधी लॉगिन करतो आणि अधूनमधून एखादं पान उघडत राहतो.

प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमध्ये आधीच टाकून ठेवा. तत्काळला एका पीएनआरवर चारच जण बसतात, पाचवा असेल तर दुसरं बुकिंग लागणार हे आदल्या रात्री ठरवा, दहाच्या ठोक्याला घरात चर्चा नको.

जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार व्हेरिफिकेशन आणि ओटीपी लागतो. ओटीपी ज्या नंबरवर येणार तो फोन हातात हवा, बाबांच्या खिशात आणि बाबा मंदिरात असं चालत नाही.

घरचं इंटरनेट १०० एमबीपीएसचं आहे याचा इथे फायदा नाही, बुकिंगच्या विनंत्या छोट्याच असतात आणि अडतं ते पलीकडे. फक्त अर्ध्यात वायफाय सोडून मोबाइल डेटावर उडी मारू नका, चालू कनेक्शन तुटतं.

फॉर्म आपोआप भरणारी एक्स्टेन्शन आणि "शंभर टक्के तत्काळ" वाली सॉफ्टवेअर, यांना पासवर्ड देणं म्हणजे लॉगिन दुसऱ्याला देऊन टाकणं, आयडी बंद होतो तो वेगळाच. यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

पैसे कापले, हिस्टरीत तिकीट नाही आणि एसएमएसही नाही, असं झालं तर बँकेच्या मेसेजमधला रेफरन्स नंबर आणि ॲपमधला ट्रान्झॅक्शन आयडी, दोन्हींचा लगेच स्क्रीनशॉट घ्या आणि Failed Transaction History मध्ये ती नोंद आहे का बघा. नोंद असेल तर रिफंड तिकडूनच सुटतो, थोडे दिवस जाऊ द्या. नोंदच नसेल तर पैसे मधल्या गेटवेकडे अडकले असण्याची शक्यता जास्त, मग रेफरन्स नंबर घेऊन आधी बँकेकडे तक्रार टाका.