सगळ्या पर्यायांवर टिक, तरी पूर्ण गुण!

नागपुरात सक्करदऱ्याला माझा छोटा क्लास आहे. एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात अशा सराव परीक्षेत एका पोराने प्रत्येक प्रश्नात चारही पर्याय टिक केले आणि पहिला आला. विचारलं तर म्हणाला, "सर, चुकीच्याचे गुण कुठे कापता तुम्ही?" खरंच होतं. माझी शीट फक्त बरोबर टिका मोजत होती.

आधी चुकीच्या प्रत्येक टिकेला एक गुण वजा केला. पण चारपैकी तीन पर्याय बरोबर असले, की सगळं टिक करूनही ३ वजा १, म्हणजे तीनपैकी दोन गुण! भोक बुजलंच नाही.

मग वजाबाकी प्रमाणात केली. बरोबर टिका भागिले एकूण बरोबर पर्याय, त्यातून चुकीच्या टिका भागिले एकूण चुकीचे पर्याय. चार गुणांच्या प्रश्नासाठी:

```
=4*MAX(0, C2/D2 - IF(F2=0, 0, E2/F2))
```

C2 ते F2 हे आकडे याच क्रमाने. अ आणि क बरोबर असताना कोणी अ, क, ड टिक केलं तर १ वजा अर्धा, म्हणजे २ गुण. चारही टिक केले तर शून्य.

एक खोच राहते. चुकीचा पर्याय एकच असेल, तर त्यावरची एक टीक सगळं खाऊन टाकते. चुकीचा एकही नसेल, तर सगळं टिक करणारा पुन्हा जिंकतो. IF फक्त शून्याने भागण्याची एरर टाळतो. म्हणून आता पाच पर्याय देतो, त्यात किमान दोन चुकीचे.