काळीज, गुर्दे आणि वजडी: साफ कसं करायचं आणि घरातल्या कुणाला किती वाढायचं

रविवारी म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या मार्केटात मटण घ्यायला गेलं की खाटीक विचारतोच, काळीज घालू का, गुर्दे आहेत, वजडी पण आहे. आणि आपल्याकडे या तिन्हींबद्दल एकच समज, "रक्त वाढतं, खा". इथेच गडबड आहे. तिन्ही एकाच बोकडातून येतात पण अंगाला लागतात ती वेगवेगळी, साफ करायची पद्धत तर पूर्णच वेगळी, आणि ज्या सुनेला घरची माणसं रक्त वाढावं म्हणून मुद्दाम काळीज वाढतात, ती गरोदर असेल तर तिनेच ते खायचं नसतं.

आधी आत काय असतं ते बघू, फार आकडे देत नाही. हे आकडे मेंढीच्या कच्च्या मांसाचे आहेत, वजडीचे तेवढे गाईगुरांच्या, बोकडाचं थोडं इकडेतिकडे होईल. १०० ग्रॅम काळजात लोह साधारण ७ मिलिग्रॅम, गुर्द्यात ६ च्या वर, आणि वजडीत १ मिलिग्रॅमपण नाही. म्हणजे रक्तासाठी वजडी खाणं हा नुसता गैरसमज, तिच्यात प्रोटीन १२ ग्रॅमच्या आसपास असतं, चरबी कमी असते, ते ठीक, पण लोहासाठी तिच्यावर भरवसा ठेवू नका. बी१२ काळीज आणि गुर्दे दोन्हींत भरपूर, रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. गुर्द्यात सेलेनियम पण चांगलं असतं. कोलेस्टेरॉल मात्र काळीज आणि गुर्दे दोन्हींत ३५० मिलिग्रॅमच्या आगेमागे, वजडीत त्याच्या एक तृतीयांश.

खरा फरक अ जीवनसत्त्वाचा. १०० ग्रॅम काळजात ते ७००० मायक्रोग्रॅमच्या वर असतं, गुर्द्यात १०० च्या आसपास, वजडीत नगण्य. मोठ्या माणसाला रोजची वरची मर्यादा ३००० धरतात. म्हणजे साधारण ४० ग्रॅम काळीज, दोन मध्यम तुकडे, झाली मर्यादा. एखाद्या रविवारी जास्त खाल्लं म्हणून निरोगी माणसाला काही होत नाही, पण हे जीवनसत्त्व लिव्हरमध्ये साठतं, लघवीतून निघून जात नाही, म्हणून आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा काळीज नको.

घेताना

काळीज गडद तांबूस, चकचकीत, दाबलं की परत वर येणारं हवं. हिरवट डाग दिसला तर तिथे पित्ताची पिशवी फुटलीय, तेवढा भाग मोठा धरून कापून टाका नाहीतर अख्खं कालवण कडू होतं आणि मग कितीही खोबरं वाटून घाला, काही उपयोग नाही. पांढरट, पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्या तर घेऊच नका. त्या गाठी एका जंताच्या असतात. आपण शिजवून खाल्ल्या म्हणून तो जंत आपल्याला होत नाही, तो येतो कुत्र्याच्या मार्गाने, कुत्रा असलं काळीज खातो, जंत त्याच्या पोटात वाढतो, विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि ती आपल्या हाताला, भाजीला लागतात. म्हणून घरी कापताना गाठ सापडली तर ती दारातल्या कुत्र्याला टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या नाहीतर खोल पुरा. गोव्यात मार्केटाच्या मागे कुत्र्यांचा घोळका असतोच, त्यामुळे हे जास्तच लक्षात ठेवायचं.

गुर्दे लहान जनावराचे घ्या. जनावर म्हातारं झालं की कॅडमियमसारखे जड धातू गुर्द्यात साठत जातात, वास पण उग्र होतो. बोकडाचा गुर्दा मुठीत मावेल एवढा, वरून पांढऱ्या चरबीत गुंडाळलेला मिळाला तर उत्तम, चरबीने तो ताजा राहतो.

काळीज साफ करणं: सगळ्यात सोपं

वरची पातळ चामडी सुरीच्या टोकाने उचलून ओढायची, निघते. आतल्या जाड नळ्या कापून काढायच्या, त्या चिवट लागतात. मग एकदा पाण्यातून काढून घ्यायचं, तासभर भिजवत ठेवायची गरज नाही. कोणी दुधात ठेवतात, वास मवाळ होतो, पण अर्धा तास पुरे. नळाखाली जोरात धार सोडून धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर उडतात आणि तिथेच नंतर आपण कोशिंबीर चिरतो.

शिजवताना अर्धा इंच जाडीचे तुकडे, कढई चांगली तापलेली, पाच ते सात मिनिटं. मीठ शेवटी. कापून बघायचं, आत गुलाबी दिसता कामा नये आणि रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर बोकडाच्या काळजाला मधोमध ७१ डिग्री. कोंबडीचं लिव्हर अर्धवट ठेवलं तर जुलाबाचे जंतू आत राहतात, आणि सोरपोतेलसाठी डुकराचं काळीज घेणाऱ्यांनी तर अजिबात कच्चं ठेवू नये कारण त्यातून हिपॅटायटिस ई ची कावीळ होऊ शकते. सोरपोतेलमध्ये ते आधी उकडतात मग बारीक कापून तळतात, म्हणून तिथे सहसा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो तव्यावर "जरा मऊ राहू दे" म्हणणाऱ्यांचा.

गुर्दे: वास येतो तो कुठून

चरबी काढा, पातळ आवरण काढा, मग लांबीत उभा कापून दोन भाग करा. मधे पांढरा चिवट गाभा आणि नळ्या दिसतील, लघवी जिथून जाते तोच हा भाग, वास इथूनच येतो. लहान कात्रीने तो पूर्ण कापून काढा, सुरीपेक्षा कात्री बरी. गाभा राहिला तर कितीही मसाला घाला, खाताना कळतं. मग पाण्यात जाडं मीठ आणि चमचाभर माडाचं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा, पाणी एकदा बदला, निथळा, पुसून घ्या. ओले टाकले तर परतले जात नाहीत, उकडले जातात. लहान तुकडे केले तर आठ-दहा मिनिटांत होतात.

वजडी: इथे वेळ द्यावा लागतो

खाटकाकडून पोट उघडून, आतलं चारा-शेण काढून आणि धुऊन घ्या, हे काम घरी आणू नका. तरी आतलं काळपट अस्तर राहतंच. ते काढायचं खरं कसब पाण्याच्या तापमानात आहे. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, भांड्याच्या तळाला बारीक बुडबुडे दिसायला लागले की गॅस बंद, साधारण ६५ ते ७० डिग्री. त्यात वजडीचा एक तुकडा बुडवा, मिनिटभराने नखाने किंवा सुरीच्या बोथट बाजूने खरवडून बघा. अस्तर टॉवेलच्या लवीसारखं सुटून आलं की बरोबर. नाही सुटलं तर अजून अर्धा मिनिट. पाणी जास्त तापलं तर उलट होतं, अस्तर तिथेच घट्ट बसतं आणि मग खरवडून हात दुखतात पण काळं जात नाही.

काही जण चुना लावतात, त्याने पण अस्तर सैल होतं. लावायचा तर हातमोजे घाला, डोळ्यांना जपा आणि नंतर वजडी हाताला साबणासारखी बुळबुळीत लागायची बंद होईपर्यंत धुवा. पोटाचा जो भाग पुस्तकाच्या पानांसारखा असतो त्याची पानं एकेक उघडून धुवायची, कचरा तिथेच अडकतो, घाईत तेच राहून जातं आणि जेवताना दाताखाली कचकच येते.

सगळं पांढरट झालं की जाडं मीठ आणि थोडं पीठ चोळून दोन-तीन पाण्यांतून काढा. मग हळद घालून दहा मिनिटं उकळा आणि ते पाणी फेकून द्या. नंतर नवीन पाण्यात कुकरला मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. साफ वजडीला चाऱ्यासारखा हलका वास राहतो, तो चालतो. आंबट किंवा अमोनियासारखा झोंबणारा आला तर टाकून द्या.

आता वाढायचं कुणाला

समजा डिचोलीतलं एक घर. अर्धा किलो काळीज, चार गुर्दे, एक वजडी आणलीय. घरात गरोदर सून, युरिक ॲसिडचा त्रास असलेले काका, हाडं ठिसूळ झालेली आजी, हिमोग्लोबिन कमी असलेली कॉलेजची मुलगी आणि तीन वर्षांचा पोर.

सुनेला काळीज शून्य, पोटातल्या बाळाला अ जीवनसत्त्वाचा अतिरेक बाधू शकतो, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. माशाच्या लिव्हर ऑईलच्या गोळ्या पण नकोत. गुर्दा नीट शिजलेला थोडा चालेल, मटण चालेल, लोहाच्या गोळ्या डॉक्टरने दिल्यात त्या चालू ठेवायच्या. आधीच एकदा खाल्लं असेल तर घाबरायचं कारण नाही, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगायचं.

काकांना काळीज आणि गुर्दे दोन्ही नाही. दोन्हींत प्युरिन भरपूर, त्याचं युरिक ॲसिड होतं आणि रात्री पायाचा अंगठा सुजतो. दुखणं शांत असेल तर वजडीचे थोडे तुकडे, पण रस्सा जपून, कारण प्युरिन पाण्यात उतरतं, पहिलं पाणी फेकायचं ते यासाठी पण कामाला येतं. आणि सोबत बिअर असेल तर वजडीने काय फरक पडणार, बिअरनेच युरिक ॲसिड वाढतं. फेणीने पण वाढतं, काकांना हे पटत नाही तो भाग वेगळा.

आजीला दोन छोटे तुकडे काळीज, तेही दर आठवड्याला नको, वर्षानुवर्षं अ जीवनसत्त्व जास्त गेलं की हाडं अजून कमकुवत होतात असं दिसलंय. मुलीला आठवड्यातून एकदा तीन-चार तुकडे काळीज बिनधास्त, तिच्यासाठीच ते आणलंय असं समजा. फक्त ती पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेत असेल तर नाही, ते औषध अ जीवनसत्त्वाच्याच घराण्यातलं आहे. पोराची मर्यादा ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८ ग्रॅम काळीज, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा, कधीमधी. बाकी त्याला वजडी बारीक करून भाताबरोबर द्या, मऊ शिजली असेल तर आवडीने खातो.

शेजारी कोणी किडनीचा पेशंट असेल आणि "गुर्दा खाल्ला की गुर्दा सुधारतो" म्हणून तुमच्याकडे मागत असेल तर देऊ नका, गुर्द्यातलं फॉस्फरस आणि प्युरिन त्याच्या आजारी किडनीला बाहेर टाकता येत नाही. थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवणाऱ्यांना काळीज नको, त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असतं. विल्सन्स डिसीज असलेल्यांना पण नको, त्यांच्या अंगात तांबं साठत जातं आणि काळजात ते खूप असतं. हार्टचा त्रास किंवा कोलेस्टेरॉल असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून कधीतरी.

उरलेलं कच्चं काळीज आणि गुर्दे फ्रिजमध्ये एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका, त्याच दिवशी शिजवलं तर सगळ्यात बरं, नाहीतर साफ करून छोट्या पुड्या बांधून फ्रीझरला टाका. वजडी उकडून ठेवली तर दोन दिवस राहते, सोमवारी घरात मांसाहार नसेल तर मंगळवारच्या सुक्याला ती तयारच मिळते.